तूरडाळीची आवक ५२ की १४०?

प्रश्न : नमस्कार काका. दसऱ्याला फलटणमध्ये किराणा दुकान सुरू केलं. हिशोब एक्सेलमध्ये ठेवतो. मी, माझे धाकटे दीर आणि दुकानातला मुलगा, तिघंही नोंदी करतो. महिन्याचा रिपोर्ट अकाउंटंटकडे दिला, तर त्यांनी परत पाठवला. तूरडाळीची आवक रिपोर्टात ५२ आणि बिलांवर १४० किलो. विक्री तर आवकेपेक्षा जास्त दिसते. तेलाच्या पाऊचच्या नोंदी दुबार वाटल्या म्हणून डुप्लिकेट काढून टाकले, तर आता गल्ला जुळत नाही. ते म्हणतात, "प्रत्येक ओळीला वेगळा नंबर द्या आणि माप एकच ठेवा." एवढ्याशा दुकानाला हा व्याप खरंच लागतो का? शीट आणि बिलांचे, बिलबुकाचे फोटो सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, फलटण

उत्तर :

ताई, लागतो. आणि का लागतो ते तुमच्याच शीटवरून दाखवतो. आधी तूरडाळ घेऊ, कारण तिथे सगळं उघड दिसतंय.

आवकेच्या तीन ओळी आहेत. २ तारखेला "2" लिहिलंय. बिल बघितलं तर ३० किलोचे दोन कट्टे आलेत. ११ तारखेला "50" लिहिलंय. बिलावर ५० किलोचं एक पोतं आहे. १९ तारखेला "30 किलो" लिहिलंय. तो ३० किलोचा एक कट्टा. लिहिताना तिघांपैकी कोणीच चुकलं नाही. एकाने कट्टे मोजले, दुसऱ्याने किलो मोजले, तिसऱ्याने किलोच मोजले पण आकड्यापुढे शब्दही टाकला. चूक झाली ती बेरजेत, कारण तिन्ही ओळी एकाच रकान्यात एकाखाली एक आल्या आणि एक्सेलला कट्टा आणि किलो यांतला फरक कळत नाही.

तिसऱ्या ओळीचं तर आणखी वेगळं आहे. एक्सेलमधलं `SUM` फक्त आकडे धरतं. घरात एखादं अक्षर आलं की "30 किलो" हा सगळाच मजकूर ठरतो आणि बेरजेतून गळतो. लाल खूण येत नाही, सूचना येत नाही. म्हणून तुमची बेरीज २ अधिक ५० अधिक शून्य, म्हणजे ५२ आली. अशा ओळी नजरेने ओळखायची एक सोपी खूण सांगतो. तुम्ही स्वतः मांडणी बदलली नसेल तर एक्सेल आकडे घराच्या उजव्या कडेला चिकटवतं आणि मजकूर डाव्या. आकड्यांच्या रकान्यात एखादा आकडा डावीकडे सरकलेला दिसला, तर तो बेरजेत नाही असं समजा.

आता १४० आणि ५२ यांतला फरक ८८ किलोचा आहे, तो फोडून बघा. दोन कट्ट्यांची ६० किलो डाळ "2" म्हणून लिहिली गेली, तिथे ५८ कमी पडले. "30 किलो" गळालं, तिथे ३० कमी पडले. ५८ आणि ३० मिळून बरोबर ८८. एवढा चोख हिशोब लागतो तेव्हा माल कुठे गेला नाही, नोंदीतलं माप चुकलंय हे नक्की. सुट्ट्या डाळीत घट असतेच, तराजूवर थोडं झुकतं माप जातं, पोत्याच्या तळाशी चुरा राहतो. पण ती घट अशी गोल आकड्यात कधी येत नाही; ती सातशे ग्रॅम, सव्वा किलो अशी वेडीवाकडी असते. साठा जुळला नाही की दुकानातल्या मुलाकडे बघण्याआधी हा फरक फोडून बघायची सवय लावा. कट्टा ३० किलोचा असेल आणि तो किलोच्या रकान्यात "1" म्हणून गेला असेल, तर दर कट्ट्यामागे २९ ची तूट दिसते. २९, ५८, ८७ असे आकडे दिसले की चूक कुठे आहे ते लगेच कळतं.

विक्रीत हेच उलट्या दिशेने झालंय. ८ तारखेच्या तूरडाळीच्या पाच ओळी घेतो : 2, 500, 1, 250, 0.5. बेरीज ७५३.५. पण 500 आणि 250 हे ग्रॅम आहेत, बाकीचे किलो. अर्धा किलो एकाने "500" लिहिला आणि दुसऱ्याने "0.5". खरी विक्री सव्वाचार किलोची. अर्ध्या किलोच्या ओळीने ४९९.५ जास्त दाखवले, पावकिलोच्या ओळीने २४९.७५ जास्त दाखवले. एका दिवसात साडेसातशे किलो डाळ विकल्याचं रिपोर्ट सांगतोय. तुमची विक्री आवकेपेक्षा जास्त दिसते ती यामुळेच.

हे तुमच्या अकाउंटंटनी पकडलं, कारण चूक हजारपट होती. मला जास्त काळजी वाटते ती लहान चुकांची, ज्या डोळ्यात भरत नाहीत आणि वर्षभर नफा खातात. तेलाच्या डब्याचं उदाहरण घ्या. तुमच्या शीटमध्ये "तेल डबा 15" एवढंच लिहिलेल्या ओळी आहेत. बाजारात १५ किलोचा डबाही मिळतो आणि १५ लिटरचाही, आणि दोन्ही शेजारी ठेवले तर पटकन फरक कळत नाही. पण खाद्यतेलाचा एक लिटर साधारण ९१० ग्रॅम भरतो. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं, १५ किलो नाही.

समजा एका व्यापाऱ्याने १५ किलोचा डबा २,४०० रुपयांना दिला आणि दुसऱ्याने १५ लिटरचा डबा २,२५० ला. तुमच्या शीटप्रमाणे दोन्ही "15". पहिल्याचा दर १६० आणि दुसऱ्याचा १५० येतो, आणि दुसरा डबा दहा रुपयांनी स्वस्त वाटतो. आता दोन्ही किलोवर आणा. पहिला १६० रुपये किलो. दुसऱ्याचे २,२५० भागिले १३.६५, म्हणजे जवळपास १६४ रुपये ८० पैसे किलो. जो स्वस्त म्हणून उचलला, तो किलोमागे पावणेपाच रुपयांनी महाग पडला. ही चूक रिपोर्टात कधीच दिसणार नाही. साठा उणे जाणार नाही, बेरीज बिघडणार नाही. फक्त खरेदी चुकीच्या माणसाकडून होत राहील.

तेल किलोवरच तोलायला मी का सांगतो, त्यालाही कारण आहे. तेल तापलं की फुगतं, म्हणून तेवढंच वजन गरम असताना जास्त लिटर भरतं. काही कंपन्या पाकिटावर आकारमानाशेजारी तापमान लिहीत असत, आणि तापमान जास्त धरलं की तेवढ्याच लिटरमागे तेल कमी भरलं तरी चालत असे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना सांगितलं, की तापमान लिहू नका आणि आकारमानासोबत वजनही छापा. त्यामुळे डब्यावर आणि पाऊचवर ग्रॅममधला आकडा शोधा आणि तुलना त्याच्यावरच करा.

आता दुरुस्ती. सगळ्या दुकानाचं माप एक करायचं नाही, प्रत्येक मालाचं माप एक करायचं आहे. सुटी डाळ, साखर, तांदूळ, पोहे किलोत. साबण, बिस्किटपुडे, तेलाचे पाऊच नगात. एकदा तूरडाळीला किलो ठरवला की तूरडाळीच्या कुठल्याही ओळीत ग्रॅम, कट्टा, पायली यायला नको. पावकिलो म्हणजे ०.२५. आणि हो, सगळ्या दुकानाचा तो रकाना एकत्र बेरजेला लावू नका. किलो आणि नग मिळवून आलेला आकडा कशाचाच नसतो. साठ्याची बेरीज नेहमी मालागणिक करायची.

पण घाईत माणूस समोर दिसतं तेच लिहिणार. टेम्पोतून दोन कट्टे उतरले की तो "2" च लिहिणार, आणि त्याला मनात गुणाकार करायला लावलं तर तो कधीतरी चुकणारच. म्हणून त्याला कट्टेच लिहू द्या आणि गुणाकार शीटकडून करून घ्या. आवकेच्या शीटमध्ये रकाने असे ठेवा : A मध्ये ओळ क्रमांक (त्याचं पुढे सांगतो), B तारीख, C मालाचा कोड, D नाव, E नग, F एका नगात किती, G एकूण, H रक्कम, I एका किलोचा किंवा नगाचा दर. E आणि F हाताने भरायचे, G आणि I आपोआप येतील :

```
G2:  =E2*F2
I2:  =H2/G2
```

२ तारखेच्या ओळीत E मध्ये 2, F मध्ये 30, की G मध्ये 60. पोत्यासाठी 1 आणि 50. E आणि F मध्ये शब्द नको, फक्त आकडे. किलो की नग हे रकान्याच्या मथळ्यात किंवा मालाच्या यादीत लिहा. F चा आकडा मालाच्या यादीत एकदाच लिहून तिथून ओढून घ्यावा असं कोणी सुचवेल. तसं करू नका. आज तूरडाळ ३० च्या कट्ट्यात येते, उद्या व्यापारी २५ चा कट्टा देईल. यादीत ३० चे २५ केले की मागच्या महिन्यांच्या सगळ्या ओळी एका क्षणात बदलतील आणि गेल्या महिन्याचा छापून दिलेला रिपोर्ट आजच्या शीटशी जुळणार नाही. ज्या दिवशी जो कट्टा आला त्याचं वजन त्याच ओळीत राहू द्या.

I रकाना नुसता माहितीसाठी नाही, तो पहारेकरी आहे. समजा दोन कट्ट्यांचे ७,२०० रुपये दिले. माप बरोबर असेल तर दर १२० रुपये किलो दिसेल. कोणी F मध्ये 30 च्या जागी 1 लिहिला तर दर ३,६०० रुपये किलो येईल, आणि तूरडाळ ३,६०० ची नसते हे दुकानातल्या मुलालाही कळतं. एका अटीवर हे चालतं : रक्कम लिहिण्याचीही एकच रीत हवी. H मध्ये जीएसटीसकट रक्कम घ्यायची की वगळून, हमाली-भाडं धरायचं की नाही, हे एकदा ठरवा आणि मथळ्यातच लिहून ठेवा. घाऊक बाजारात भाव क्विंटलवर बोलतात, दुकानात आपण किलोवर बोलतो. तोंडी भाव शीटमध्ये लिहूच नका, बिलाची रक्कम लिहा आणि दर शीटला काढू द्या.

शब्द कुठे घुसलेत ते शोधायला रिकाम्या घरात हे सूत्र टाका :

```
=COUNTA(E2:E5000)-COUNT(E2:E5000)
```

पहिला भाग भरलेली घरं मोजतो, दुसरा फक्त आकड्यांची. उत्तर शून्य आलं पाहिजे. तुमच्या जुन्या शीटवर लावून बघितलं तर ते २३ आलं. म्हणजे मालाच्या नगांच्या रकान्यात २३ नोंदी आजवर कुठल्याच बेरजेत आलेल्या नाहीत.

आता ओळीच्या नंबराकडे येतो, आणि गल्ला का जुळत नाही तेही त्यातच कळेल. १४ तारखेला शीटमध्ये चार ओळी अगदी सारख्या होत्या : तेल पाऊच १ लिटर, २ नग, ३१० रुपये. तुम्ही एक्सेलला डुप्लिकेट काढायला सांगितलं. त्याने एक ठेवली आणि तीन पुसल्या. मी तुमच्या बिलबुकाच्या फोटोंशी ताडून पाहिलं. त्या दिवशी तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांनी दोन-दोन पाऊच नेले होते, आणि त्यातलं एक बिल दोनदा चढलं होतं : एकदा मुलाने बिलबुकावरून, एकदा तुम्ही मोबाइलवर आलेल्या पैशांवरून. खरे पाऊच सहा. आधी शीट आठ दाखवत होती, साफसफाईनंतर दोन. दोन्ही चूक.

इथे एक्सेलचा दोष काढता येणार नाही. दोन गिऱ्हाइकांनी एकाच दिवशी सारखा माल नेला, आणि एकाच गिऱ्हाइकाचं बिल दोनदा लिहिलं गेलं, या दोन गोष्टी ओळीत हुबेहूब सारख्या दिसतात. तुम्ही स्वतः कितीही निरखून पाहिल्या तरी शीटवरून तुम्हालाही सांगता येणार नाही. त्यांना वेगळं करणारी एकच खूण आहे, ती म्हणजे बिलाचा नंबर, आणि तो शीटमध्ये नव्हता. तो असता तर चार ओळी `B-0412-1`, `B-0419-1`, `B-0419-1`, `B-0427-2` अशा दिसल्या असत्या आणि कुठली पुसायची ते विचारावंही लागलं नसतं. पहिला आकडा बिलाचा, दुसरा त्या बिलातल्या ओळीचा. एका बिलावर तेल, साखर, चहा असं तीन प्रकारचं सामान असतं, म्हणून नुसता बिल नंबर पुरत नाही. बिल एक असलं तरी ओळी तीन होतात आणि प्रत्येकीला आपला नंबर लागतो.

तुम्ही म्हणाल, एक्सेलमध्ये डावीकडे १, २, ३ असतातच की. ते घराचे नंबर आहेत, नोंदीचे नाहीत. तारखेप्रमाणे लावलेली शीट मालाप्रमाणे लावली की १४० वर असलेली नोंद २० वर जाते. `ROW()` वापरून आपोआप नंबर घातले तरी हेच होतं. नोंद कुठेही हलली तरी तिचा नंबर तिच्याबरोबर हलला पाहिजे, म्हणून तो हाताने लिहिलेला किंवा चिकटवलेला पक्का मजकूर हवा.

बारकोडही चालणार नाही, हे खास सांगतो, कारण नव्या दुकानदारांना तो फार भरवशाचा वाटतो. पाऊचवरचा १३ आकडी बारकोड तो माल कोणता ते सांगतो. तो तुम्ही कोणाला कधी विकला ते सांगत नाही. एकाच मालाच्या हजार पाऊचवर एकच बारकोड असतो. जुन्या एमआरपीचा आणि नव्या एमआरपीचा माल एकाच बारकोडने येतो, हेही तुम्हाला शेल्फवर दिसेल. बिलावरचा एचएसएन तर त्याहून मोठा गट आहे, तो कर ठरवायला असतो. मालाचा कोड स्वतंत्र लागतो, तो C रकान्यात. तुमच्या शीटमध्ये "तूरडाळ", "तूर डाळ", "तुरडाळ" आणि "तूरडाळ " (शेवटी एक रिकामी जागा असलेली) अशी चार नावं आहेत, आणि रिपोर्टाने ते चार वेगळे माल धरलेत. `TUR01` असा कोड ठेवला आणि यादीतून निवडायची सोय केली की हे थांबतं. मालाचा कोड शंभर ओळींत पुन्हा पुन्हा येईल, यायलाच हवा. ओळीचा नंबर मात्र एकदाच.

खरेदीच्या बाजूला थोडं सावध राहावं लागतं. तिथे बिल नंबर व्यापाऱ्याचा असतो, तुमचा नाही. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर ओळीने चालणारा, जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षापुरता एकमेव असावा लागतो. पण तो त्या व्यापाऱ्यापुरता एकमेव. डाळवाल्याचं बिल १२७ आणि तेलवाल्याचंही १२७ असू शकतं. शिवाय १ एप्रिलला पुष्कळ जण पुन्हा एकपासून सुरू करतात. म्हणून माल उतरला की व्यापाऱ्याच्या बिलाच्या कोपऱ्यात पेनाने आपला आवक क्रमांक टाका, `K-2526-0143` असा : २०२५-२६ सालची १४३ वी आवक. शीटमध्ये ओळीसाठी त्याला शेपूट लावा, `K-2526-0143-02`. व्यापाऱ्याचा बिल नंबर वेगळ्या रकान्यात तसाच उतरवून ठेवा, तो त्याच्याशी बोलताना आणि जीएसटी ताडताना लागेल. कागदावर आणि शीटवर एकच नंबर असला, की सहा महिन्यांनी "ही ओळ कुठून आली" या प्रश्नाचं उत्तर फायलीत थेट हाती येतं.

नंबराची सुरुवात अक्षराने करा, आणि हा सल्ला शोभेसाठी नाही. एक्सेलमध्ये `0412` लिहिलं तर पुढचं शून्य जाऊन 412 उरतं. `12-3` लिहिलं तर त्याची तारीख होऊन बसते. बारकोड लांब असल्याने अरुंद रकान्यात `8.90E+12` असा काहीतरी दिसायला लागतो. अक्षर पुढे असलं की यातलं काही होत नाही. बारकोडाचा रकाना मात्र माल भरायच्या आधीच टेक्स्ट करून ठेवा. नंतर केलं तर गेलेली शून्यं परत येत नाहीत.

नंबर दोनदा आला का ते बघायला शेवटच्या रकान्यात :

```
=COUNTIF($A$2:$A$5000,A2)
```

सगळीकडे १ यायला हवं. २ दिसले तर त्या ओळी बिलाशी ताडायच्या आणि मगच एक पुसायची. हीच अट डेटा व्हॅलिडेशनमध्ये `=COUNTIF($A$2:$A$5000,A2)=1` अशी लावली तर एक्सेल दुबार नंबर लिहूच देत नाही. मात्र कोणी दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं तर ही अट ओलांडली जाते, त्यामुळे तपासणीचा रकाना ठेवाच.

बिल रद्द झालं तर त्याचा नंबर दुसऱ्या बिलाला देऊ नका. ओळ ठेवा, नग शून्य करा, शेरा "रद्द". असं ठेवलं तर ०४१९ नंतर ०४२१ दिसलं की ०४२० चं बिल चढवायचं राहिलंय हे नक्की कळतं. दुबार नोंद पकडणं सोपं असतं, राहून गेलेली नोंद पकडायला मात्र नंबरांमधला हा खंडच कामी येतो. गिऱ्हाइकाने माल परत आणला तर जुनी ओळ खोडू नका; नवा नंबर द्या, नग उणे लिहा आणि शेऱ्यात मूळ ओळीचा नंबर टाका. त्या दिवशीचा गल्ला त्या दिवशीचा राहतो आणि साठाही जुळतो.

तिघंजण लिहिणार असाल तर नंबराचं वाटप आधीच करा. विक्रीची नोंद फक्त बिलबुकावरूनच चढवायची, मोबाइलवर आलेल्या पैशांवरून नाही. पैसे रोख आले की ऑनलाइन, हा त्याच ओळीतला आणखी एक रकाना आहे, वेगळी ओळ नाही. बिलबुकाची दोन पुस्तकं एकाच वेळी चालत असतील तर एकाला `B` आणि दुसऱ्याला `C` द्या, म्हणजे दोन्हीकडच्या ०४१२ ची गल्लत होणार नाही.

मागच्या महिन्याचं काय करायचं ते सांगतो. डुप्लिकेट काढण्याच्या आधीची फाइल तुमच्या अकाउंटंटकडे मेलमध्ये असेलच, ती मागवून घ्या आणि तिची एक प्रत तशीच बाजूला ठेवा. दुसऱ्या प्रतीत काहीही क्रमवारी लावण्याच्या, पुसण्याच्या आधी प्रत्येक ओळीला `OLD-0001` पासून नंबर द्या. त्यामुळे नंतर कितीही हलवाहलव झाली तरी मूळ क्रमावर परत येता येतं. मग एक रकाना "बिल नंबर" वाढवा आणि बिलबुक उघडून बसा. जी ओळ सापडेल तिच्यापुढे नंबर लिहा आणि बिलावर पेन्सिलने टिंब द्या. टिंबाविना उरलेली बिलं म्हणजे राहिलेल्या नोंदी, एकच बिल नंबर आणि एकच माल दोनदा आला ती दुबार नोंद. जुना नगांचा रकाना खोडू नका, शेजारी "सुधारलेले किलो" असा नवा करा. काय होतं आणि काय केलं ते दोन्ही अकाउंटंटला दिसलं पाहिजे.

डाळ-साखरेसारख्या सुट्ट्या मालाची रोजची विक्री मागे जाऊन दुरुस्त करत बसू नका, ते होणार नाही. 500 म्हणजे नेहमी ग्रॅमच, असं धरता येतं. पण 5 म्हणजे पाच किलो की पाच रुपयांची पुडी, हे आता कोणालाच आठवणार नाही. त्याऐवजी एखाद्या रविवारी दुकान बंद झाल्यावर सगळा सुटा माल तोला, पाऊच-पुडे मोजा आणि तो सुरुवातीचा साठा म्हणून नव्या शीटच्या पहिल्या ओळींत घ्या. त्या ओळींनाही नंबर द्या, `S-2526-001` असे. उघड्या पोत्यातली डाळ तोलताना बारदानाचं वजन वजा करायला विसरू नका.

तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर आणखी एक गोष्ट अकाउंटंटकडून विचारून घ्या. विवरणात एचएसएनप्रमाणे मालाचा गोषवारा देताना परिमाणासोबत मापाचा ठरावीक कोड द्यावा लागतो, किलोसाठी `KGS`, नगासाठी `NOS`, पोत्यासाठी `BAG`. तुमच्या मालाच्या यादीत प्रत्येक कोडापुढे हे माप आत्ताच लिहून ठेवा. तूरडाळीपुढे `KGS` लिहिलंत की शीटमधलं, विवरणातलं आणि तराजूवरचं माप एकच होतं. पुढच्या महिन्याची शीट त्यांच्याकडे पाठवण्याआधी वरची तपासणीची दोन सूत्रं, म्हणजे शब्द शोधायचं आणि दुबार नंबर शोधायचं, आणि I रकान्यातले दर एवढं बघा. एखाद्या मालाचा दर मागच्या खरेदीच्या दुप्पट किंवा निम्मा दिसला, तर बिल काढून F चा आकडा आधी तपासा.